बाळ दूध टाकतंय: कधी निश्चिंत राहायचं आणि कधी लगेच निघायचं

दीड-दोन महिन्यांचं बाळ पोटभर पितं, खांद्यावर घेतलं की ढेकर देतं आणि ढेकरासोबत घोटभर दूध आईच्या खांद्यावर येतं. दिवसातून पाच-सहा वेळा असं झालं की घरात चर्चा सुरू होते. आजी म्हणतात, दूध अंगाला लागत नाही. शेजारच्या काकू ग्राइप वॉटर सुचवतात. कुणीतरी परस्पर मेडिकलमधून ‘उलटीचे ड्रॉप’ आणून ठेवतं. बाळंतिणीला मात्र आपलंच दूध बाळाला बाधतंय असं वाटू लागतं, आणि याचंच मला सर्वात वाईट वाटतं, कारण शंभरातल्या बहुतेक बाळांच्या बाबतीत तिचं दूध, तिचं खाणं किंवा तिचं पाजणं यांपैकी कशाचाही दोष नसतो.

पण दूध टाकणाऱ्या या बाळांमध्येच एखादं असं असतं की ज्याच्या बाबतीत सकाळपर्यंत थांबणंही महागात पडतं. ही दोन बाळं वेगळी कशी ओळखायची, ते इथे क्रमाने सांगतो. हे सगळं पूर्ण दिवसांच्या, एक वर्षाच्या आतल्या बाळासाठी आहे. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, हृदयाचा किंवा मेंदूचा काही आजार असेल, किंवा अन्ननलिकेचं ऑपरेशन झालेलं असेल, तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच प्रत्येक गोष्ट करा.

दूध वर येतं ते का

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. गिळताना ते उघडतं आणि एरवी मिटलेलं असतं. मोठ्या माणसांचंही हे कडं दिवसातून अनेकदा मध्येच क्षणभर सैल पडतं. आपल्याला ते कळत नाही एवढंच. बाळाचं मात्र सगळं खाणं पातळ असतं, अन्ननलिका आखूड असते, दिवसाचा बहुतेक वेळ ते आडवं असतं आणि वजनाच्या मानाने पोटात जाणारं दूध आपल्या जेवणापेक्षा कितीतरी जास्त असतं. त्यामुळे कडं सैल पडलं की दूध थेट तोंडापर्यंत येतं.

हे साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, चौथ्या महिन्याच्या आसपास सर्वात जास्त असतं आणि बाळ बसायला लागलं, घट्ट खाऊ लागलं की कमी होत जातं. अमेरिकेतल्या शिकागो भागात 1997 साली झालेल्या एका पाहणीत चार महिन्यांच्या बाळांपैकी दोन-तृतीयांश बाळं रोज निदान एकदा दूध टाकत होती आणि दहा-बारा महिन्यांच्या बाळांत हे प्रमाण पाच टक्क्यांवर आलेलं होतं. म्हणजे चौथ्या महिन्यात दूध टाकणारं बाळ अपवाद नसतं, न टाकणारं बाळ कमी सापडतं. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. दुसऱ्या महिन्यापेक्षा चौथ्या महिन्यात दूध टाकणं वाढलं, म्हणजे काहीतरी बिघडत चाललंय असं नाही. बाकी सगळं ठीक असेल तर तो चढ अपेक्षितच आहे.

आधी पाहायचं: दूध बाहेर कसं येतं

दूध टाकताना बाळाचा चेहरा आणि पोट पाहा. नेहमीच्या प्रकारात दूध ओठांच्या कोपऱ्यातून ओघळतं किंवा ढेकरासोबत एकदम बाहेर येतं. पोटाचे स्नायू आवळलेले नसतात, उमाळे येत नाहीत. कधी दूध जसंच्या तसं असतं, कधी फाटलेलं, आंबूस वासाचं असतं. फाटलेलं दूध आलं म्हणून घाबरू नका. जठरातल्या आम्लात काही मिनिटं राहिलं की दूध फाटतंच. ते पचनाचं पहिलं पाऊल आहे. नाकातून दूध आलं तरी तेच, कारण नाक आणि घसा आतून जोडलेले आहेत. बाळ शिंकतं, थोडं रडतं आणि शांत होतं.

आणि दूध टाकून झाल्यावर बाळ कसं असतं? हसतं, खेळतं, झोपतं, किंवा पुन्हा छातीकडे तोंड करतं. कपड्यांवर डाग पडलेत आणि बाळ मात्र मजेत आहे, हे चित्र मनात पक्कं ठेवा.

काळजीचा प्रकार वेगळा दिसतो. पोट आवळून, जोर लावून, उमाळे काढत उलटी होते. किंवा दूध तोंडातून फवाऱ्यासारखं उडून फूट-दोन फूट लांब पडतं. एखाद्या वेळी जोरात ढेकर येऊन दूध लांब उडणं कुठल्याही बाळाचं होऊ शकतं. पण दोन आठवडे ते दोन महिने या वयात जवळजवळ प्रत्येक पाजण्यानंतर असं होऊ लागलं, तर त्याच दिवशी दाखवायला हवं. त्याचं कारण पुढे उदाहरणात येईल.

किती दूध टाकलं याचा अंदाज बहुधा चुकतो. घरच्या घरी एकदा हे करून पाहा. औषधाच्या बाटलीसोबत मिळणाऱ्या मापाने 10 मिलि पाणी घ्या आणि बाळाच्या एका कोरड्या सुती दुपट्यावर ओता. डाग पसरत जातो आणि बघता बघता दुपट्याचा मोठा भाग ओला होतो. 10 मिलि म्हणजे दोन चहाचे चमचे. ‘जेवढं प्यायलं तेवढं सगळं काढलं’ असं सांगणाऱ्या आया हा डाग बघून चकित होतात.

मग रंग पाहा

पांढरं, दुधाळ, किंचित पिवळट चालेल. हिरवं चालणार नाही.

इथे थोडं थांबून सांगतो, कारण या लेखातली सर्वात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. पित्त जठरात तयार होत नाही. ते जठराच्या पुढे, लहान आतड्याच्या सुरुवातीला येऊन मिसळतं. उलटी गडद हिरवी, पालकाच्या पानासारखी असेल तर त्याचा अर्थ असा होऊ शकतो की पित्त जिथे मिसळतं त्याच्याही पुढे वाट अडली आहे आणि सगळं उलट्या दिशेने परत येतंय. तान्ह्या बाळात याचं सर्वात भीतिदायक कारण म्हणजे आतड्याला पीळ पडणं. काही बाळांची आतडी, बाळ आईच्या पोटात असताना, नीट फिरून जागच्या जागी बसलेली नसतात. ती पुढे स्वतःभोवती वळली की त्यांचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत आतडं काळं पडू शकतं. सुरुवातीला पोट फुगलेलं नसतं, ताप नसतो, कधी कधी बाळ बरं दिसतं. म्हणून तान्ह्या बाळाची हिरवी उलटी झाली तर दुसरी होते का याची वाट पाहायची नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. जवळ वाहन नसेल तर 108 ला फोन करा. शक्य असेल तर लहान मुलांचे सर्जन जिथे आहेत अशा रुग्णालयात जा, डागाचं दुपटं पिशवीत घालून सोबत न्या आणि डॉक्टरांनी सांगेपर्यंत बाळाला काही पाजू नका.

लाल किंवा कॉफीच्या रंगाचं काही दिसलं तरी डॉक्टरांकडे जायचंच, पण जाण्याआधी आईने आपली स्तनाग्रं पाहावीत. भेगा पडून रक्त येत असेल तर तेच बाळाच्या पोटात जाऊन परत आलेलं असू शकतं. ही माहिती डॉक्टरांना दिली की अर्धं काम सोपं होतं.

आता वजन, आणि यावरच सर्वात जास्त भर द्या

दूध टाकणं त्रासाचं आहे की फक्त धुण्याचं काम वाढवणारं आहे, हे वजनकाटा सांगतो. पोटात पुरेसं दूध राहत नसेल तर बाळ वाढणार नाही. वाढत असेल तर पुरेसं राहतंय. एवढं साधं आहे ते.

जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरतं आणि दहा-चौदा दिवसांत जन्माच्या वजनावर परत येतं. त्यानंतर पहिले तीन महिने रोज सरासरी 25 ते 30 ग्रॅम, म्हणजे आठवड्याला साधारण 200 ग्रॅम वाढ होते. तीन ते सहा महिन्यांत हा वेग उतरतो, रोज 15-20 ग्रॅमवर येतो. पहिल्या दोन-तीन महिन्यांत आठवड्याला दीडशे ग्रॅमही वाढत नसेल तर डॉक्टरांनी पाहायला हवं.

वजन करताना दोन चुका फार होतात. एक म्हणजे रोज वजन करणं. बाळ 80 मिलि दूध प्यायलं की काट्यावर लगेच 80 ग्रॅम वाढतात आणि शी-शू झाली की उतरतात. रोजच्या आकड्यांनी फक्त जिवाला घोर लागतो. आठवड्यातून एकदा पुरे. दुसरी चूक म्हणजे दर वेळी वेगळा काटा. मोठ्या माणसांच्या काट्यावर बाळाला घेऊन उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं, यातून आठवड्याची वाढ नीट कळत नाही. अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात बाळाचा काटा असतो. बाळाचे कपडे काढा, शक्यतो लंगोटही, आणि दर वेळी त्याच काट्यावर वजन करा. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसीला जाताना वजन होतंच. आशाताई पहिल्या दीड महिन्यात ठरलेल्या दिवशी घरी येतात, त्यांच्याकडेही काटा असतो. प्रत्येक आकडा माता व बाल संरक्षण कार्डावरच्या वाढीच्या आलेखात मांडून घ्या. बाळ बारीक असलं तरी चालेल; त्याची रेष आपल्या वाटेने वर जात राहिली पाहिजे. रेष आडवी झाली किंवा खाली वळली की समजायचं, इथे काहीतरी आहे.

वजनासोबत लघवी मोजा. पाच-सहा दिवसांनंतर, नुसत्या अंगावरच्या दुधावर असलेल्या बाळाने चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा चांगली ओली लंगोट केली पाहिजे. आणि टाळू पाहा. आपल्याकडे रोज तेल लावताना टाळूवर हात फिरतोच, त्यामुळे ती एरवी कशी लागते हे घरातल्या बाईला नेमकं ठाऊक असतं. ती खोल गेलेली वाटली तर अंगातलं पाणी कमी झालंय. बाळ शांत, बसतं धरलेलं असतानाही ती फुगून ताठ लागली आणि सोबत उलट्या असतील, तर मेंदूवरचा दाब वाढलेला असू शकतो. दोन्ही वेळा लगेच दवाखाना.

दोन बाळं शेजारी ठेवून पाहू

पहिलं बाळ मुलगी आहे, जन्माचं वजन 2.9 किलो. चौदाव्या दिवशी 2.95. तिसऱ्या आठवड्यापासून ती दूध टाकू लागली. दिवसातून आठ-दहा वेळा, कधी नाकातूनही. दीड महिन्याच्या लसीला वजन 3.85 किलो. आता हिशोब करा: 14 व्या दिवसापासून 42 व्या दिवसापर्यंत 28 दिवस, वाढ 900 ग्रॅम, म्हणजे रोज 32 ग्रॅम. लघवी भरपूर, दूध टाकल्यावर हसते. अडीच महिन्यांच्या लसीपर्यंत दूध टाकणं आणखी वाढलं, पण वजन 4.6 किलो झालं. 28 दिवसांत 750 ग्रॅम, रोज 27 च्या जवळपास. या बाळाला तपासणी नको, औषध नको. दुपटी जास्त लागतील.

दुसरं बाळ मुलगा, पहिलंच अपत्य, जन्माचं वजन 3.1 किलो. वजन आधी उतरलं, दहाव्या दिवशी परत 3.1 झालं, 21 व्या दिवशी 3.45. इथपर्यंत छान. चौथ्या आठवड्यापासून दूध टाकू लागला, आधी थोडं, मग प्रत्येक वेळी, आणि आठवड्याभरात फवारा उडू लागला. उलटीचा रंग पांढराच. विशेष म्हणजे उलटी झाली की लगेच भुकेने रडायचा आणि हपापून प्यायचा, म्हणून घरच्यांना वाटलं, भूक चांगली आहे, आजार नाही. 35 व्या दिवशी वजन 3.4 किलो. चौदा दिवसांत वाढ व्हायला हवी होती साडेतीनशे-चारशे ग्रॅम आणि झाली आहे पन्नास ग्रॅमची घट. दिवसात लंगोट तीनदाच ओली. शी दोन दिवसांत झालेली नाही.

या बाळाच्या जठराच्या खालच्या तोंडाशी असलेला स्नायू जाड होत जाऊन दुधाची पुढची वाट बंद होत आली आहे. हा आजार बहुतेक वेळा तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात दिसू लागतो आणि मुलींपेक्षा मुलग्यांत बराच जास्त आढळतो. अडथळा पित्त मिसळण्याच्या आधी असल्याने उलटी हिरवी होत नाही, आणि म्हणूनच ‘रंग तर ठीक आहे’ म्हणून थांबणं इथे चुकतं. पोटाच्या सोनोग्राफीत निदान होतं. आधी सलाइनने पाणी आणि क्षार भरून काढतात, मग छोटं ऑपरेशन करून तो स्नायू चिरून मोकळा करतात. त्यानंतर बाळ लवकरच दूध पिऊ लागतं आणि पुढे अगदी नेहमीसारखं वाढतं.

दोन्ही घरांतलं दुपटं सारखंच ओलं होतं. फरक काट्यावर, फवाऱ्यात आणि लंगोटीत होता.

बाळ ठीक आहे, तर घरी काय बदलायचं

अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध बंद करू नका, कमीही करू नका. वरचं दूध सुरू केल्याने दूध टाकणं थांबत नाही. पकड नीट आहे ना ते पाहा: ओठ बाहेर वळलेले, हनुवटी स्तनाला टेकलेली, काळ्या भागाचा खालचा बराचसा भाग तोंडात. पकड वरवरची असेल तर बाळ दुधासोबत हवा गिळतं. दूध जोरात येत असेल आणि बाळ ठसकत असेल तर आईने मागे रेलून, बाळाला आपल्या पोटावर घेऊन पाजावं, धार मंदावते.

पावडरचं दूध चालू असेल तर आधी माप तपासा, कारण दूध टाकण्यामागचं सर्वात सोपं कारण बरेचदा इथेच सापडतं. पहिल्या आठवड्यानंतर साधारण हिशोब असा: दिवसभरात दर किलो वजनाला 150 मिलि. पाच किलोच्या बाळाला 750 मिलि, आठ वेळा पाजत असाल तर एका वेळी 90-95 मिलि. याच बाळाला ‘बाटली पूर्ण संपव’ म्हणत आठ वेळा 150 मिलि दिलं तर दिवसाचे 1200 मिलि होतात. जास्तीचं दूध बाहेर येणारच. अशा वेळी मात्रा हिशोबात आणा, एकदम मोठ्याऐवजी थोडं थोडं आणि जास्त वेळा द्या. बाळाने तोंड फिरवलं की थांबा. मात्र ज्याचं वजन वाढत नाही त्याचं दूध स्वतःच्या मनाने कमी करू नका. पावडर डब्यावर लिहिल्याप्रमाणेच मिसळा. दूध घट्ट व्हावं म्हणून जास्त चमचे घालणं किंवा नाचणीचं सत्त्व, तांदळाची पेज बाटलीत मिसळणं सहा महिन्यांच्या आत नको. बोंडल्याने पाजत असाल तर बाळाला आडवं पाडून घशात धार सोडू नका. डोकं उंच धरून, ओठाला लावून, बाळ घेईल तेवढंच.

पाजताना मध्ये एकदा आणि शेवटी ढेकर काढा. ढेकर काढायला पाच मिनिटं पुरतात. नाही आला तर पाठीवर थापट्या मारत बसू नका. त्यानंतर वीस-तीस मिनिटं बाळाला खांद्याशी उभं धरा. कार सीटमध्ये किंवा टेकवून बसवणं हा त्याला पर्याय नाही, कारण त्यात बाळ मधोमध मुडपतं आणि पोटावर दाब येतो. पोटावर घट्ट बांधलेलं दुपटं किंवा कमरेला आवळलेलं डायपर सैल करा. तेल लावणं आणि न्हाऊ घालणं पाजण्याच्या आधी किंवा नंतर तासाभराने ठेवा. मावशी बाळाला पायांवर पालथं घालून पाठ रगडतात तेव्हा भरलेलं पोट दाबलं जातं आणि दूध बाहेर येतं, मग त्या ‘कफ निघाला’ म्हणतात. तो कफ नसतो, नुकतंच प्यायलेलं दूध असतं. न्हाणं झाल्यावरची शेगडीची धुरी आणि घरातली विडी-सिगारेट, दोन्ही बंद.

झोपवताना मात्र तडजोड नाही

बाळाला नेहमी पाठीवर, सपाट आणि कडक गादीवर, उशीशिवाय झोपवा. दूध टाकणाऱ्या बाळालाही. पाठीवर झोपल्यावर दूध घशात अडकेल अशी भीती सगळ्यांना वाटते. प्रत्यक्षात पाठीवर असताना श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे वर आलेलं दूध श्वासात जाण्याऐवजी खाली राहतं आणि बाळ ते गिळतं. पालथं झोपवलं तर दूध टाकणं थोडं कमी होतं हे खरं, पण झोपेत अचानक दगावण्याचा धोका वाढतो. गादीखाली उशी देऊन डोक्याची बाजू उंच करण्यानेही फायदा होत नाही. बाळ घसरून खाली येतं किंवा हनुवटी छातीला टेकते. झोळीतही मान अशीच मुडपते, म्हणून पोटभर पाजल्यावर बाळाला झोळीत टाकू नका. जागं असताना, कुणी शेजारी असताना पोटावर ठेवणं चांगलं, पण तेही पाजल्यानंतर काही वेळाने.

ड्रॉप, घुटी आणि ग्राइप वॉटर

बाळ वाढतंय, खेळतंय आणि नुसतं दूध टाकतंय, तर आम्ल कमी करणाऱ्या औषधांचा उपयोग होत नाही. दूध वर येणं त्याने थांबत नाही; वर आलेलं दूध कमी आंबट होतं एवढंच. जठरातलं आम्ल जंतूंना मारण्याचं काम करतं, ते दाबलं की जुलाब आणि छातीच्या संसर्गाचा धोका वाढतो. युरोप आणि अमेरिकेतल्या बालपोटविकार तज्ज्ञांच्या संघटनांनी 2018 साली एकत्र काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत, निरोगी बाळाच्या नुसत्या रडण्यासाठी किंवा दूध टाकण्यासाठी ही औषधं देऊ नका, असं स्पष्ट म्हटलं आहे. उलटी थांबवण्यासाठी डॉमपेरिडोनचे थेंब आपल्याकडे सहज दिले जातात. त्याने हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो म्हणून युरोपीय औषध नियामकाने 2014 मध्येच त्याच्या वापरावर बंधनं घातली. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे थेंब बाळाच्या तोंडात जाऊ नयेत, आणि चिठ्ठी असेल तर कशासाठी आणि किती दिवस हे विचारा.

घुटीबद्दल बोललं की घरात मतभेद होतात, तरी सांगतो. सहा महिने फक्त आईचं दूध, घुटी नाही आणि ग्राइप वॉटरही नाही. सहाणेवर उगाळलेलं जायफळ थोडं जास्त झालं तरी बाळाला गुंगी येते आणि घरच्यांना वाटतं गुण आला. मध तर वर्षाच्या आत मुळीच नको. त्यातल्या जंतूंच्या बीजांमुळे बाळाला पक्षाघातासारखा गंभीर आजार होऊ शकतो.

एक मधली शक्यता: गाईच्या दुधाची ॲलर्जी

काही बाळं दूध टाकतात, पिताना अंग मागे ताणून रडतात, त्यांच्या शीमध्ये चिकट आव किंवा रक्ताच्या रेषा दिसतात, गालांवर-कोपरांत कोरडे लाल चट्टे येतात. अशा वेळी गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी असू शकते. हे प्रथिन आईच्या खाण्यातून तिच्या दुधात थोडं उतरतं. नुसतं रडणं हा याचा पुरावा नाही. सहाव्या आठवड्याच्या सुमारास सगळीच बाळं जास्त रडतात.

डॉक्टरांना पटलं तर आईने दोन ते चार आठवडे दूध, दही, ताक, पनीर, खवा, चहातलं दूध, आळिवाची खीर, दूध पावडर घातलेली बिस्किटं हे सगळं बंद करायचं आणि कॅल्शियमची गोळी घ्यायची. बाळाला पाजणं चालूच ठेवायचं. फरक पडला तर पुन्हा दूध सुरू करून त्रास परत येतो का हे पाहायचं, कारण तेवढ्याने निदान पक्कं होतं. ही दुसरी पायरी न करता अनेक बाळंतिणी वर्षभर विनाकारण दूध-दही सोडून बसतात. म्हशीचं किंवा शेळीचं दूध हा पर्याय नाही. त्यांतली प्रथिनं इतकी सारखी आहेत की तोच त्रास होतो. तूर, हरभरा, गार पदार्थ यांचा मात्र बाळाच्या दूध टाकण्याशी संबंध नाही, बाळंतिणीला पोटभर जेवू द्या.

लगेच निघायचं ते कधी

हिरवी उलटी, रक्त, आणि फवारा उडणं हे आलंच. त्याशिवाय तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप आणि उलटी, बाळ मलूल, पाजायला उठवलं तरी न उठणारं, पोट फुगून कडक, सहा-आठ तासांत लघवी नाही, दूध टाकताना श्वास थांबला, ओठ निळे पडले किंवा अंग ढिलं पडलं, झटके आले. थोड्या मोठ्या, चार-सहा महिन्यांच्या पुढच्या बाळाने मधूनमधून पाय पोटाशी घेऊन किंचाळणं, मध्येच पांढरंफटक पडणं, उलट्या आणि लालसर चिकट शी, हे आतड्यात आतडं शिरल्याचं लक्षण असू शकतं. यांपैकी कशासाठीही दुसऱ्या दिवशीच्या ओपीडीची वाट पाहायची नाही.

घाई नसेल तेव्हा डॉक्टरांकडे जाताना वजनाचं कार्ड, दिवसाला किती वेळा आणि किती पाजता याची नोंद, आणि दूध टाकतानाचा मोबाइलवरचा एखादा व्हिडिओ न्या. मी दहा मिनिटं प्रश्न विचारून जे समजून घेतो ते त्या वीस सेकंदांत दिसतं. वाढणाऱ्या, खेळत्या बाळाला सोनोग्राफी, बेरियम किंवा एंडोस्कोपीची गरज नसते. कुणी सुचवली तर नेमकी कोणती शंका आहे ते विचारा.

सहा महिने झाले की घट्टसर वरण-भात, नाचणीची खीर असं खाणं सुरू होतं आणि बहुतेक घरांत दूध टाकणं कमी झालेलं दिसतं, मध्येच सर्दी-खोकल्यात चार दिवस वाढतं आणि पुन्हा ओसरतं. सहा महिन्यांपर्यंत कधीही दूध न टाकलेलं बाळ त्यानंतर नव्याने टाकू लागलं, तर त्याला नेहमीचं समजू नका. लघवीच्या संसर्गापासून अनेक कारणं तपासावी लागतात. वाढदिवसानंतरही रोज टाकत असेल तर बालरोगतज्ज्ञांना पुन्हा दाखवा, आणि दीड वर्षापर्यंत थांबलं नाही तर मुलांच्या पोटविकार तज्ज्ञांकडे पाठवायला सांगा.